एका स्टारला उत्तर देण्यापूर्वी

(घरगुती निवासव्यवस्था चालवणाऱ्या कोकणातील व्यावसायिकांच्या मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मित्रहो, आपल्या व्यवसायाबद्दल कोणी गूगलवर सर्वांदेखत कडक शब्दांत लिहिले, तर बचावाचा सूर न लागू देता त्याला उत्तर कसे द्यावे, हा विषय संयोजकांनी मला दिला आहे. आपल्यापैकी बहुतेकांच्या तीन-चार खोल्या आहेत, स्वयंपाक घरातच होतो आणि बुकिंग फोनवर किंवा व्हॉट्सअॅपवर होते. त्यामुळे एक स्टार म्हणजे काय, तो रात्री किती वाजता दिसतो आणि तो पाहिल्यावर घरात काय बोलणे होते, हे मी आपल्याला सांगण्याची गरज नाही. उत्तरे लिहिण्याच्या कामात मी लहान व्यावसायिकांना गेली काही वर्षे मदत करतो. त्या कामातून माझे एक ठाम मत झाले आहे आणि आज मला तेच मांडायचे आहे.

बचावाचा सूर शब्दांतून येतो, असे आपण समजतो. म्हणून आपण गोड शब्द शोधतो, कोणाकडून तरी तयार नमुना मागवून घेतो आणि "आपल्या मौल्यवान अभिप्रायाबद्दल धन्यवाद" हे वाक्य प्रत्येक तक्रारीखाली चिकटवतो. माझे म्हणणे असे आहे की हा सूर अज्ञानातून येतो. त्या दिवशी आपल्या घरात नेमके काय घडले हे ज्याला ठाऊक नसते, त्याच्याकडे लिहायला काही उरत नाही. मग तो आपल्या प्रतिष्ठेबद्दल, वर्षांबद्दल, हजारो समाधानी पाहुण्यांबद्दल आणि शेवटी समोरच्याच्या स्वभावाबद्दल लिहितो. ज्याला काय घडले ते ठाऊक असते, तो शांतपणे तेवढेच लिहितो. म्हणून उत्तराचे खरे काम लेखनाच्या आधी, स्वयंपाकघरात, पंपाशी आणि नोंदवहीपाशी होते. हे मत एका प्रकरणाच्या आधारे मला सविस्तर सांगायचे आहे. त्यात थोडा अधिक वेळ जाईल, पण उरलेले सगळे त्यातूनच निघते.

दापोली तालुक्यातल्या समुद्रकाठच्या एका गावात एका कुटुंबाच्या चार खोल्या आहेत. नवरा-बायको आणि शिकून परत आलेला मुलगा मिळून त्या चालवतात आणि शेजारची एक बाई स्वयंपाकाला मदत करते. मे महिन्यातल्या एका शनिवार-रविवारी पुण्याच्या एका कुटुंबाने दोन खोल्या घेतल्या. ते गेल्यावर दोन दिवसांनी गूगल मॅप्सवर एका स्टारसह पुढील मजकूर आला.

"अजिबात जाऊ नका. फोटोत समुद्र दिसतो, खोलीतून मात्र माडाच्या झावळ्यांशिवाय काही दिसत नाही. सकाळी अंघोळीला पाणी नाही, दोन तास बादल्या घेऊन उभे होतो. जेवण गार, आणि सुरमई सांगून दुसराच मासा वाढला. तक्रार केली तर मालक म्हणतात, कोकणात असंच असतं. नुसता लुटण्याचा धंदा आहे."

मुलाने त्याच रात्री साडेअकराच्या सुमारास उत्तर टाकले. ते असे होते.

"आमच्याकडे गेली अठरा वर्षे हजारो पर्यटक येऊन समाधानाने गेले आहेत. आपण सहा जण सांगून आठ जण आलात, रात्री उशिरापर्यंत मद्यपान करून गोंधळ घातलात, त्याबद्दल आम्ही एक शब्दही बोललो नाही. मासा आम्ही स्वतः हर्णैच्या लिलावातून आणतो. वीज गेली तर त्याला आम्ही जबाबदार नाही. तरीही आपली गैरसोय झाली असल्यास क्षमस्व."

या उत्तरातले एकही वाक्य खोटे नाही, हे मी मुद्दाम सांगतो. आठ जण आले होते, दंगा झाला होता, मासा हर्णैचाच होता आणि वीजही गेली होती. मुलाचा संताप मला पूर्ण समजतो, कारण त्याची आई त्या दोन दिवसांत पहाटे चारला उठत होती. परंतु हे उत्तर कोण वाचणार आहे, याचा विचार करा. ज्यांनी तक्रार लिहिली ते एकदा वाचतील आणि रागावतील. त्यांच्यानंतर नाशिकची किंवा कोल्हापूरची एक बाई वाचील, जिला दिवाळीत आई-वडिलांना घेऊन समुद्रकाठी यायचे आहे आणि जी चार ठिकाणांची तुलना करत बसली आहे. तिला तक्रारीतला राग नको आहे आणि मालकाचा अभिमानही नको आहे. तिला एवढेच जाणून घ्यायचे आहे की आपण गेलो तर सकाळी पाणी असेल का.

या उत्तरातून तिला काय कळले? वीज गेली की इथे पाणी नसते आणि मालक त्याची जबाबदारी घेत नाही, हे कळले. आपण काय प्यायलो आणि किती वाजता झोपलो हे मालक पुढे सगळ्या जगाला सांगू शकतो, हेही कळले. अठरा वर्षे आणि हजारो पर्यटक हे तिला तपासता येत नाही, म्हणून ती ते सोडून देते. शेवटच्या वाक्यातल्या "असल्यास" या शब्दावरून तर मालकाला अजून आपली गैरसोय झाली हेच मान्य नाही, असा तिचा समज होतो. दोन तास बादली घेऊन उभ्या राहिलेल्या माणसाला गैरसोय झाली असल्यास असे म्हणणे हा त्याचा दुसऱ्यांदा झालेला अपमान असतो आणि वाचणाऱ्याला तो जाणवतो.

घरमालकीण बाई हे प्रकरण घेऊन माझ्याकडे आल्या तेव्हा त्यांची मागणी एवढीच होती की या उत्तराची भाषा जरा मऊ करून द्या. मी त्यांना सांगितले की भाषेला अजून हात लावायचा नाही. आधी ते उत्तर काढून टाका, कारण गूगलवर मालकाला आपले उत्तर केव्हाही बदलता किंवा काढता येते. मग तक्रारीतले एकेक वाक्य वेगळ्या ओळीवर लिहा आणि प्रत्येक ओळीसमोर त्या दिवशी काय घडले ते लिहा. स्वतःला जे माहीत नाही ते घरातल्यांना विचारून लिहा. विचारताना "तू असे का केलेस" असे विचारायचे नाही, "त्या वेळी काय झाले" असे विचारायचे. नाहीतर मदतीला येणारी बाई घाबरून गप्प बसते आणि खरी गोष्ट कायमची दडून राहते.

पहिली ओळ पाण्याची होती. त्यांच्याकडे विहिरीवर एक अश्वशक्तीचा पंप आहे आणि गच्चीवर एक हजार लिटरची टाकी आहे. पंप रोज पहाटे साडेपाचला चालू करतात आणि एरवी सहा-सात माणसे असली की एकदा भरलेली टाकी दिवसभर पुरते. त्या शनिवारी चारही खोल्या भरलेल्या होत्या आणि मिळून चौदा पाहुणे होते. समुद्रावरून आलेला प्रत्येक जण वाळू धुण्यासाठी पुन्हा अंघोळ करतो, त्यामुळे माणशी शंभर लिटर धरले तरी चौदाशे लिटर होतात. म्हणजे टाकी शनिवारी रात्रीच रिकामी झाली होती. रविवारी पहाटे पंप चालू करायला गेले तेव्हा वीज नव्हती आणि ती सव्वाआठला आली. घरात इन्व्हर्टर आहे, पण तो दिवे आणि पंखे चालवतो, पंप त्यावर चालत नाही.

आता पाहा, मुलाने वीज गेली असे लिहिले आणि ते खरे होते. परंतु पाणी न मिळण्याचे कारण असे होते की गर्दीच्या दिवशी रात्री टाकी भरून ठेवण्याची पद्धत त्या घरात नव्हती. वीज रात्री नऊला होती, विहिरीत पाणी होते आणि पंपही चालू स्थितीत होता. चौकशी केल्याबरोबर कारण वीज कंपनीकडून आपल्या अंगणात आले. आपल्या अंगणातले कारण आपल्याला दूर करता येते, म्हणून ते सापडणे ही चांगली बातमी असते. त्याच दिवसापासून पाहुणे जास्त असले की रात्री नऊला पुन्हा पंप चालवायचा असे ठरले आणि दुसरी एक हजार लिटरची टाकी मागवली गेली.

इथे मुलाने मला विचारले, "पण दोन माणसे जास्तीची आणली नसती, तर पाणी पुरले असते ना?" प्रश्न रास्त होता, म्हणून आम्ही हिशेब केला. दोन माणसे वजा केली तर बारा उरतात आणि बाराशे लिटर लागतात. टाकी एक हजाराचीच होती. जास्तीचे दोघे आले नसते तरी पहाटे पाणी नसते. आपल्याला फार भक्कम वाटणारे बचावाचे मुद्दे असे साध्या बेरीज-वजाबाकीत टिकत नाहीत, हे मी अनेक घरांत पाहिले आहे. म्हणून हिशेब कागदावर करायचा, मनात करायचा नाही.

दुसरी ओळ माशाची होती आणि या ओळीने मला सर्वांत जास्त शिकवले. मासा आम्ही स्वतः आणतो हे उत्तर मुलाने अभिमानाने लिहिले होते. पण तक्रार मासा कुठून आणला याबद्दल नव्हतीच. सुरमई सांगून दुसरा मासा वाढला, अशी तक्रार होती. बाईंनी स्वयंपाकाच्या मदतनीस बाईला शांतपणे विचारले तेव्हा ती म्हणाली, "वैनी, सुरमईचे सहाच तुकडे होते. दोन ताटं वाढली म्हणून त्यांत कुपा घातला. तुम्हाला विचारणार होते, पण तुम्ही तिकडे त्या दोघांसाठी गाद्या घालत होतात."

कुपा आणि सुरमई यांतला फरक आपल्याला सांगायला नको. तुकडा साधारण तसाच दिसतो, पण मांस गडद असते, चव वेगळी असते आणि किंमत कमी असते. पाहुण्याने चवीवरून ते बरोबर ओळखले होते. आठही ताटांचे पैसे सुरमईच्या दराने घेतले गेले होते आणि दोन थाळ्यांत प्रत्येकी दीडशे रुपयांचा फरक होता. म्हणजे तीनशे रुपये जास्त घेतले गेले होते. ते कोणी ठरवून घेतले नव्हते, पण घेतले गेले होते हे खरे. चौकशी झाली नसती तर "लुटण्याचा धंदा" या शब्दांनी दुखावलेले हे कुटुंब आयुष्यभर आपल्यावर खोटा आळ आला असे मानत राहिले असते. त्या कठोर वाक्यामागे तीनशे रुपयांची एक खरी गोष्ट होती आणि ती त्यांच्याच स्वयंपाकघरात होती.

जास्तीच्या दोघांचा मुद्दा इथेही मोह पाडतो, कारण सहांची सूचना असताना आठ आले म्हणूनच सुरमई कमी पडली. तरीही तो मुद्दा उत्तरात येऊ नये, असे माझे मत आहे आणि त्यामागे कारण आहे. ते दोघे दारात आले तेव्हा मालकांनी त्यांना आत घेतले, गाद्यांचे आणि जेवणाचे पैसे लावले आणि ते पैसे घेतले. ज्या गोष्टीला आपण त्या दिवशी तोंडावर हरकत घेतली नाही आणि जिचे पैसे घेतले, ती नंतर पडद्यावर हरकत म्हणून मांडता येत नाही. वाचणाऱ्याला ते पाहुण्यावर उलटवलेले हत्यार वाटते. पुढच्या वेळी जास्तीची माणसे आली तर काय करायचे, याचा नियम घरात ठरवावा, बुकिंगच्या संदेशात लिहावा आणि उत्तरात त्याचा उल्लेख करू नये.

मद्यपानाचा उल्लेख तर कोणत्याही परिस्थितीत येऊ नये. पाहुण्याबद्दल आपल्याला घरमालक म्हणून जे कळते, ते आपल्या उत्तरात येता कामा नये. यात तो कोणाबरोबर आला, किती खोल्या घेतल्या, काय खाल्ले-प्यायले आणि पैसे कसे दिले हे सगळे आले, अर्थात त्याने स्वतःच जे लिहिले आहे तेवढे सोडून. अमेरिकेत डॅलस शहरातल्या एका दंतवैद्यकीय संस्थेने अशाच अभिप्रायांना उत्तर देताना रुग्णांची माहिती उघड केली. अमेरिकी सरकारच्या आरोग्य खात्याबरोबर २०१९ मध्ये झालेल्या तडजोडीत त्या संस्थेला दहा हजार डॉलर भरावे लागले. आपला व्यवसाय दवाखान्याचा नाही, पण पाहुण्याचा आपल्यावरचा विश्वास त्याच जातीचा असतो.

तिसरी ओळ फोटोची होती. गूगलवर लावलेला समुद्राचा फोटो गच्चीवरून काढलेला होता आणि तो खोल्यांच्या फोटोंमध्ये मिसळला गेला होता. कोणी फसवण्यासाठी लावला नव्हता, पण पाहणाऱ्याची समजूत चुकीची व्हावी अशीच ती मांडणी होती. प्रत्येक खोलीच्या खिडकीतून दिसणारे खरे दृश्य मुलाने त्याच संध्याकाळी टिपले आणि ते फोटो लावले. गच्चीच्या फोटोत कठडा आणि खुर्च्या स्पष्ट दिसतील असा नवा फोटो घेतला.

चौथी ओळ गार जेवणाची होती. ते पाहुणे समुद्रावरून साडेदहाला परतले आणि जेवण साडेआठला तयार होते. इथे मालकांची बाजू खरोखर भक्कम आहे. उत्तरात एखादी गोष्ट आपल्या बाजूने मांडायचीच असेल तर अशी एकच निवडावी आणि तीही पुढच्या पाहुण्याला उपयोगी पडेल अशा माहितीच्या रूपात लिहावी. "आपण उशिरा आलात" असे लिहिले की तो आरोप होतो. "रात्रीचे जेवण साडेआठ ते साडेनऊ या वेळेत गरम वाढतो आणि उशीर होणार असे कळवल्यास भाकऱ्या नंतर करतो" असे लिहिले की ती माहिती होते. वाचणाऱ्या बाईला त्या रात्री काय झाले असेल ते आपोआप कळते. ते तिचे तिला कळू द्यावे.

पाचवी ओळ "कोकणात असंच असतं" या वाक्याची. वडिलांनी ते वाक्य तसे म्हटले नव्हते. मे महिन्यात इथे वीज अशीच जाते, असे ते म्हणाले होते. दोघांच्या ऐकण्यात आणि बोलण्यात जो फरक पडला तो तिसऱ्या माणसासमोर कधीही सिद्ध होत नाही, म्हणून अशा वाक्यावर वाद घालू नये. त्या क्षणी पाहुण्याला विजेचे स्पष्टीकरण नको होते, विहिरीवरून आणलेली बादली हवी होती, एवढे वडिलांनी स्वतःच मान्य केले आणि मला ते फार मोलाचे वाटले. सहावी ओळ लुटण्याच्या धंद्याची. ते मत आहे. मताला उत्तर नसते आणि तीनशे रुपये परत गेल्यावर त्याची गरजही उरत नाही.

या चौकशीत तीन दिवस गेले. उत्तर चोवीस तासांत दिलेच पाहिजे, असे आपल्याला अनेक जण सांगतात. मी ते मानत नाही. तीन-चार दिवसांनी आलेले, ज्यात घडलेली गोष्ट आहे असे उत्तर पहिल्या रात्रीच्या उत्तरापेक्षा केव्हाही चांगले. मात्र महिनाभर लोटू देऊ नये, कारण मग मधल्या काळात वाचणाऱ्यांना फक्त तक्रार दिसते. चौकशीनंतर लिहिलेले उत्तर मी वाचून दाखवतो.

"नमस्कार. आपण लिहिलेली प्रत्येक गोष्ट आम्ही घरातल्या सर्वांना विचारून तपासली. रविवारी सकाळी साडेपाच ते सव्वाआठ आपल्याला पाणी मिळाले नाही. वीज गेली होती, परंतु घर भरलेले असताना टाकी आम्ही आदल्या रात्रीच भरून ठेवायला हवी होती. आता गर्दीच्या दिवशी रात्री नऊलाही पंप चालवतो. सुरमई कमी पडल्यावर दोन ताटांत कुपा वाढला गेला आणि तसे आपल्याला सांगितले नाही, ही आमची चूक आहे. फरकाचे पैसे आपल्याला पाठवले आहेत. समुद्राचा फोटो गच्चीवरचा होता, खोल्यांतून समुद्र दिसत नाही. आता प्रत्येक खोलीचे स्वतंत्र फोटो लावले आहेत. रात्रीचे जेवण साडेआठ ते साडेनऊ या वेळेत गरम वाढतो आणि उशीर होणार असे कळवल्यास भाकऱ्या नंतर करतो. आपल्या सुट्टीतली एक सकाळ आमच्यामुळे वाया गेली, याबद्दल आम्ही आपली क्षमा मागतो."

खाली घरमालकीण बाईंचे नाव आणि फोन क्रमांक होता. व्यवस्थापन किंवा टीम असे काही नव्हते, कारण चार खोल्यांच्या घरात टीम नसते हे वाचणाऱ्याला कळते.

या उत्तरातल्या दोन गोष्टींकडे आपले लक्ष वेधतो. पहिली म्हणजे क्षमा शेवटी आहे. बहुतेक नमुन्यांत ती पहिल्या ओळीत असते आणि म्हणून पोकळ वाटते, कारण कशाबद्दल क्षमा मागितली जात आहे ते अजून सांगितलेले नसते. आधी काय घडले ते लिहिले की क्षमेला विषय मिळतो. दुसरी म्हणजे वीज गेल्याचा उल्लेख आहे, पण तो वाक्याच्या पूर्वार्धात आहे आणि "परंतु"नंतर आपली जबाबदारी आहे. क्रम उलटा केला, म्हणजे "टाकी भरली नव्हती, परंतु वीजही गेली होती" असे लिहिले, तर तीच माहिती सबब होते. शेवटी जे येते ते वाचणाऱ्याच्या मनात राहते, म्हणून आपली जबाबदारी नेहमी वाक्याच्या उत्तरार्धात ठेवावी.

त्या पाहुण्यांनी आपला एक स्टार बदलला नाही आणि आजही तो तिथे आहे. पावसाळा संपल्यावर मात्र एका कुटुंबाने फोनवर बुकिंग करताना बाईंना विचारले की पंप रात्री चालवता ना? त्यांनी ते उत्तर वाचले होते आणि वाचून फोन केला होता.

संयोजकांनी वेळ संपत आल्याची चिठ्ठी पाठवली आहे, त्यामुळे ज्या मुद्द्यांची आपण खरी वाट पाहत होता ते आता मला भराभर सांगावे लागतील.

उत्तरे दिल्याने उपयोग होतो का, असा प्रश्न आपल्यापैकी काहींनी आधीच लिहून दिला आहे. दाविदे प्रोसेर्पिओ आणि योर्गोस झर्वास या अभ्यासकांनी ट्रिपअॅडव्हायजरवरील हॉटेलांच्या अभिप्रायांचा अभ्यास करून २०१७ साली मार्केटिंग सायन्स या नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध केले. उत्तरे देऊ लागलेल्या हॉटेलांचे सरासरी मानांकन ०.१२ स्टारने वाढले आणि अभिप्रायांची संख्या १२ टक्क्यांनी वाढली. ही वाढ लहान आहे, हे लक्षात ठेवा. मला त्यातला दुसरा निष्कर्ष अधिक महत्त्वाचा वाटतो. प्रतिकूल अभिप्राय कमी झाले, पण जे आले ते अधिक लांबीचे होते. मालक वाचतो हे कळल्यावर एका ओळीत शिवी देऊन जाणारा माणूस थांबतो आणि ज्याची तक्रार खरी आहे तो तपशिलाने लिहितो. म्हणजे उत्तरे द्यायला लागल्यावर आपल्याकडे येणाऱ्या तक्रारी अधिक तपशीलवार असतील आणि चौकशीची सवय तोवर लागलेली असली पाहिजे.

जो माणूस आलाच नाही त्याने लिहिले तर काय करावे? आधी खात्री करावी, कारण गूगलवरचे नाव आणि बुकिंगचे नाव पुष्कळदा वेगळे असते. बुकिंग मेहुण्याने केलेले असते आणि लिहिणारी दुसरीच व्यक्ती असते. पाहुण्यांची नोंदवही आणि त्या आठवड्यातल्या यूपीआयच्या नोंदी पाहाव्यात. तरीही काही सापडले नाही तर दोनच वाक्ये लिहावीत: "आपण लिहिलेल्या प्रसंगाची नोंद आम्हाला आमच्या वहीत सापडली नाही. आपण कोणत्या तारखांना आला होता ते या क्रमांकावर कळवल्यास आम्ही लगेच पाहू." खोटारडा, प्रतिस्पर्धी, कारस्थान हे शब्द लिहू नयेत, कारण संशय खरा असला तरी तो आपल्याला तिथे सिद्ध करता येत नाही. त्याबरोबर अभिप्रायाशेजारच्या तीन ठिपक्यांतून गूगलकडे तक्रार नोंदवावी. खोटा अनुभव, हितसंबंधातून लिहिलेला मजकूर, शिवीगाळ, खाजगी माहिती आणि विषयाबाहेरचा मजकूर या कारणांसाठी गूगल अभिप्राय काढते. केवळ कठोर आहे किंवा आपल्याला मान्य नाही म्हणून काढत नाही, आणि पाणी होते की नव्हते या वादात पडत नाही. त्यामुळे खऱ्या पाहुण्याच्या खऱ्या तक्रारीवर हा उपाय वापरण्यात वेळ घालवू नये.

पैसे परत करताना अट घालू नये. अभिप्राय काढा मग फरक पाठवतो, असे म्हणणे गूगलच्या नियमांत बसत नाही आणि त्या संदेशाचे छायाचित्र दुसऱ्या दिवशी त्याच पानावर येते. वर सांगितलेल्या कुटुंबाने तीनशे रुपये आधी पाठवले, त्यात काही मागितले नाही आणि मग उत्तर टाकले. नातेवाइकांकडून पाच-पाच स्टार लिहवून घेणे हेही करू नये. भारतीय मानक ब्यूरोने ऑनलाइन अभिप्रायांसाठी २०२२ मध्ये आयएस १९००० हे मानक प्रसिद्ध केले आहे. ते ऐच्छिक म्हणून आणले गेले, पण अभिप्राय खऱ्या अनुभवाचा असावा ही अपेक्षा त्यात स्पष्ट आहे. शिवाय एका स्टारनंतर एकाच आडनावाचे पाच पाच-स्टार आले की वाचणारा ते ओळखतो. कायदेशीर कारवाईचा इशारा उत्तरात कधीही लिहू नये. बदनामी खरोखर गंभीर असेल तर वकिलाशी बोलावे, पण ते पत्र वेगळे आणि हे उत्तर वेगळे.

ज्या भाषेत तक्रार आली त्याच भाषेत उत्तर द्यावे आणि घरातल्या एका अशा माणसाला आधी वाचायला द्यावे, जो त्या दिवशी तिथे नव्हता. त्याला जे वाक्य वाचून "का बरे" असे विचारावेसे वाटते, ते काढावे.

शेवटचा मुद्दा, आणि मग मी आपले प्रश्न घेतो. उत्तरात फक्त झालेली गोष्ट लिहावी, होणारी लिहू नये. म्हणूनच वरच्या उत्तरात दुसऱ्या टाकीचा उल्लेख नाही, कारण ती त्या दिवशी आलेली नव्हती. ती बसवल्यावर मुलाने तेच उत्तर उघडून त्यात एक वाक्य वाढवले. पुढच्या मे महिन्यात पुन्हा पाण्याची तक्रार आली, तर मात्र हेच शब्द पुन्हा चालणार नाहीत. वाचणारा दोन्ही उत्तरे एकाखाली एक पाहील. तेव्हा दोन टाक्या असतानाही पाणी का संपले, रात्रीचा पंप कोणी चालवायचा होता आणि तो का चालला नाही, याची चौकशी पहिल्यापासून करावी लागेल आणि उत्तराची सुरुवात मागच्या वर्षी आपण काय केले होते आणि ते का पुरले नाही इथूनच करावी लागेल.